आत्याचा कच्चा कागद आणि मामलेदार कोर्टाचा अर्ज

आत्यानं लिहिलेला कागद आधी जसाच्या तसा देते. वहीच्या मधल्या जोडपानावर, शाईच्या पेनानं, ओळी उताराला लागलेल्या. नावं गाळली आहेत आणि विरामचिन्हं माझी आहेत, बाकी तिचं.

“मामलेदार साहेब यांस नमस्कार. वि. वि. माझी वाट पुतण्यानं मोडली. ही वाट सासऱ्यांनी दोघा भावांना जमीन वाटून दिली तवापासनं आहे. त्याच्या रानातनं बांधाच्या कडंनं, उगवतीच्या चिंचेपासनं माझ्या रानापर्यंत गाडी जात होती. मागल्या साली काट्या टाकल्या होत्या. मी बोलले तर काढल्या. आता पाडव्याच्या तोंडावर ट्रॅक्टरनं नांगरून टाकली. कडबा रानातच राहिला. बायका लावून डोक्यावर आणला. चालत जायला तो नाही म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. पण गाडी जात नाही. खालच्या अंगाला ओढा आहे, तिकडनं वाट होत नाही. तो वाईट नाही, माझ्या हातचं खाल्लेलं पोर आहे, त्याला कुणीतरी शिकवलंय. त्याला पोलीस लावू नका. मला नवी वाट नको. होती तेवढी मोकळी करून द्या. माझं वय झालं, माझ्या माघारी माझ्या लेकीला वाट राहिली पाहिजे. कळावे.”

आत्या ऐंशीच्या घरात आहे, जुन्या सातवीपर्यंत शिकलेली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं तिचं सासर. मी पुण्यात एका पतसंस्थेत नोकरी करते, अर्ज-विनंत्या लिहिणं हे माझं रोजचं काम, म्हणून हा कागद माझ्याकडे आला. २०२५ च्या जुलैत आला. सोबत निरोप होता, “चांगल्या भाषेत करून दे, पण माझंच असू दे.”

यातलं “माझंच असू दे” हे मी तेव्हा मायेचं बोलणं समजले. कायदा वाचल्यावर कळलं की हा अर्ज तसाच असावा लागतो. असा अर्ज तहसीलदारांपुढं दाव्यासारखा चालतो. खाली सत्यापन असतं, म्हणजे ‘वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे’ असं अर्जदारानं सहीनिशी सांगायचं. पुढे जबाब होतो, समोरचा उलटतपास घेऊ शकतो. अर्जात माझं वाक्य घुसलं की त्याचं उत्तर ऐंशीतल्या बाईला द्यावं लागणार, तेही साहेबांसमोर उभं राहून.

तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडे शेतरस्त्याच्या अर्जाचा तयार नमुना असतो. गावातल्या एका मुलानं तो माझ्या फोनवर आधीच पाठवून ठेवला होता. विषय: ‘शेतात जाण्या-येण्यासाठी रस्ता मिळणेबाबत’. आत मजकूर असा, की अर्जदारास शेतात जाण्यासाठी कोणताही रस्ता उपलब्ध नाही, तरी शेजारील गटांच्या बांधावरून १२ फुटी रस्ता मंजूर करून मिळावा. नावं आणि गट नंबर भरले की अर्ज तयार.

हा नमुना महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ चा. ज्याला रस्ताच नाही त्याला दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याचा हक्क ठरवून देण्याचा अधिकार या कलमानं तहसीलदाराला आहे. तिथं शेतकऱ्याची वाजवी गरज बघतात. असलेली वाट कुणी अडवली असेल तर ते प्रकरण निराळं, ते मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली जातं. दोन्ही अर्ज जातात त्याच तहसीलदाराकडे, कदाचित त्याच टेबलावर, पण विचारले जाणारे प्रश्न वेगळे. पहिल्यात विचारतात, तुम्हाला वाटेची गरज आहे का आणि कुठून दिली तर शेजाऱ्याचं नुकसान कमी? दुसऱ्यात विचारतात, वाट होती का, ती अडवली का, आणि कधी अडवली?

आत्यानं तो नमुना भरून सही केली असती तर ‘मला रस्ता उपलब्ध नाही’ हे तिनंच लिहून दिल्यासारखं झालं असतं. पुतण्याच्या वकिलाला मग काही करायची गरज उरली नसती. “बघा, बाईच म्हणतायत वाट नव्हती,” एवढं पुरे. इकडे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, “मला नवी वाट नको. होती तेवढी मोकळी करून द्या.” कायद्याचं एक अक्षर न वाचता तिनं कलम निवडलं होतं. मायन्यातही ती ‘मामलेदार साहेब’ म्हणते. आपण त्याला जुन्या माणसांची सवय म्हणून सोडून देतो, पण १९०६ च्या कायद्यापुरतं तहसीलदाराचं खरं नाव आजही तेच आहे.

कामाला लागण्यापूर्वी तिचा कागद मी दुसऱ्या वहीत उतरवून काढला, एका ओळीला एक वाक्य असा, आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला. मूळ कागदावर एक खूणही केली नाही. उतरवताना शुद्धलेखन सुधारायला हात शिवशिवतो, तो आवरायचा, कारण ‘गाडी जात होती’चं ‘वाहनांची ये-जा होती’ हे असंच नकळत होतं. मग अर्जात काय काय असायला हवं ते बघितलं. कलम ७ मध्ये त्याची यादी आहे: दोन्ही बाजूंची नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, जागा आणि अडथळा कशा स्वरूपाचा आहे ते, दाव्याला कारण कधी घडलं ती तारीख, ते कोणत्या परिस्थितीत घडलं, आणि कागदपत्रं व साक्षीदार असतील तर त्यांची यादी. वहीतल्या प्रत्येक वाक्यासमोर यातलं काय ते लिहीत गेले. बहुतेक वाक्यांना जागा मिळाली. ज्यांना मिळाली नाही, आणि यादीतल्या ज्या गोष्टी तिच्या कागदात नव्हत्या, त्यांच्यासाठी फोन.

तारखेपासून सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होऊ शकतो. कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा असतो. आत्या लिहिते, “पाडव्याच्या तोंडावर”. गुढीपाडवा ३० मार्चला होता, रविवारी. तोंडावर म्हणजे आदल्या दिवशी की आठवडाभर आधी? माझ्या मनानं २९ मार्च टाकणं सोपं होतं. त्याऐवजी तिला विचारलं, “आत्या, नांगर घातला त्या दिवशी तू कुठं होतीस?”

“बाजाराला. गाठी आणायला गेले होते. येऊन बघते तर चिंचेपासनं खाली सगळं उलथंपालथं.”

त्यांच्या शेजारच्या मोठ्या गावचा बाजार शुक्रवारचा. पाडव्याआधीचा शुक्रवार २८ मार्च. मी पुन्हा विचारलं, की त्याच शुक्रवारचं ना, त्याच्या आधीच्या नाही? ती म्हणाली, “गाठी आठ दिस आधी आणून मुंग्यांना घालू का?” हे उत्तर मी वहीत तारखेच्या शेजारी लिहून ठेवलं. उलटतपासात कुणी विचारलं की आजी, तारीख एवढी पक्की कशी आठवते, तर तिचं उत्तर तयारच होतं आणि ते तिचंच होतं. अर्जात मात्र नुसतं ‘दिनांक २८ मार्च २०२५ रोजी, शुक्रवारी, अर्जदार बाजारास गेल्या असता’ एवढंच आलं. सहा महिन्यांची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती, हाताशी वेळ होता.

गावातल्या एका जाणत्या गृहस्थांचा सल्ला होता की मागल्या वर्षीच्या काट्यांचं वाक्य काढून टाका. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अडथळा मागल्या वर्षीपासूनचा आहे असं समोरच्यानं म्हटलं तर मुदत कधीच टळून गेली असा मुद्दा निघतो. पण आत्याला हे वाक्य हवं होतं. आपण आधी बोलून मिटवलं होतं, लगेच कचेरी गाठली नाही, हे तिला सांगायचं होतं. शिवाय काट्या टाकल्याचं गावात सगळ्यांना माहीत. आपण लपवलं आणि पुतण्यानं सांगितलं तर ते जास्त वाईट दिसणार. वाक्य ठेवलं, फक्त घटना घडल्या त्या क्रमानं सुट्या केल्या: काट्या टाकल्या, समजुतीनं काढल्या, त्यानंतर वर्षभर गाडी बिनतक्रार चालली, मग २८ मार्चला नांगरट झाली. ‘वर्षभर गाडी चालली’ हे तिच्या कागदात नव्हतं. काट्या काढल्यानंतर गाडी कधी कधी गेली ते विचारलं, तेव्हा तिनं शेणखत नेलं ते दिवस, ज्वारीची पेरणी आणि गाडीवानाचं नाव, सगळं सांगितलं. म्हणून लिहिलं. गाडीवान पुढे साक्षीदारांच्या यादीत गेला.

जागेच्या वर्णनात दिशा लागतात, चतुःसीमा लागते. उगवती म्हणजे पूर्व, इथं काही प्रश्न नाही. ‘खालच्या अंगाला ओढा’ याचं काय करायचं? नकाशा भिंतीवर टांगलेला बघायची सवय, त्यामुळे खाली म्हणजे दक्षिण असं पटकन वाटतं. आत्या नकाशा बघून लिहीत नव्हती, उतार बघून लिहीत होती. महाभूनकाशावरून गट नकाशा काढला तर ओढा उत्तरेला निघाला. जमीन तिकडे उतरते. अर्जात ‘उत्तरेस, उताराच्या बाजूस, ओढा’ असं केलं. ‘दक्षिणेस ओढा’ म्हणून गेलं असतं तर स्थळपाहणीच्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यानं पहिल्याच पानावर फुली मारली असती.

क्षेत्रही असंच. तिच्या बोलण्यात ‘दीड एकराला दहा गुंठे कमी’, म्हणजे पन्नास गुंठे. सातबाऱ्यावर ०.५१ हेक्टर. हिशेब जुळतो, कारण गुंठा हा आरपेक्षा किंचित मोठा. अर्जात सातबाऱ्याचाच आकडा घातला.

गट नकाशा हातात होताच, तर वाट त्यावर आहे का तेही पाहिलं. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. आमच्या वाटेवर तसलं काही नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण ती सार्वजनिक पाणंद नव्हे, दोन भावांच्या वाटणीतली आतली वाट आहे. टायपिंगवाल्याच्या नमुन्यात ‘नकाशावरील रस्ता’ असे शब्द होते. ते आमच्या अर्जात येऊ शकत नव्हते. आमचा आधार वहिवाट आणि वाटणीचा कागद. वाटणीचा कागद आत्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली निघाला. साधा कागद, दोन्ही भावांच्या सह्या, सासऱ्यांचा अंगठा. शेवटच्या ओळीत एवढंच, की जाण्यायेण्याची वहिवाट चालत आली तशी चालवावी. रुंदी नाही.

रुंदीवरून आमच्या घरात बरंच बोलणं झालं. माझ्या चुलतभावाचं मत, “१२ फूट लिही. आता बैलगाडी राहिलीय कुठं? उद्या ट्रॅक्टरची ट्रॉली न्यायची म्हटलं तर?” व्यवहाराला धरूनच होतं ते. आत्याच्या गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याएवढ्या उरल्यात, आणि तिच्या रानात कांदा लावायचा तर ट्रॉली लागणारच. मीही तिला तसं सुचवलं. फोनवर थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “होती तेवढी. जास्त मागितली तर माझं सगळंच खोटं पडंल.”

तिचं बरोबर होतं. कलम ५ खाली असलेल्या वाटेवरचा अडथळा काढून मिळतो, वाट वाढवून मिळत नाही. १२ फूट मागितले असते तर जिरायत रानातून तेवढी वाट पूर्वापार होती हे सिद्ध करावं लागलं असतं, आणि ती नव्हती. पण रुंदी अजिबात न लिहिता भागत नाही. आदेश झालाच तर मंडळ अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन किती मोकळं करायचं? तिच्या कागदात माप होतं, ‘गाडी जात होती’ हेच. चिंचेजवळ नांगर वळवायला जागा नसल्यामुळं वाटेचा थोडा तुकडा शाबूत राहिला होता, चाकोऱ्यांसकट. चुलतभावानं तिथं टेप लावून मोजलं, आठ फुटांच्या थोडं वर भरलं. अर्जात लिहिलं: ‘बैलगाडी जाऊ शकेल इतक्या रुंदीची, अंदाजे ८ फूट’. त्यातलं ‘अंदाजे’ आत्यानं घालायला लावलं.

आता तिचं असं वाक्य, जे ऐकून जवळजवळ प्रत्येकानं मान हलवली: “चालत जायला तो नाही म्हणत नाही, खोटं कशाला बोलू.” अर्जात आपल्याच विरुद्ध कोण लिहितं? काढून टाक, असंच सगळ्यांचं मत. मला ते सबंध कागदातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं. पाहणीला कुणीही आलं तरी बांधाच्या कडेनं पायवाट दिसणारच होती. ‘वाट पूर्ण बंद केली आहे’ असं लिहून वर पायवाट दिसली की बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही उडतो. आणि खरी तक्रार या वाक्यानंच नेमकी होते. माणूस जातो, गाडी जात नाही. म्हणून तर कडबा डोक्यावरून आणावा लागला. अर्जातला तो परिच्छेद असा झाला:

“सदर वाटेवरून अर्जदार यांना पायी जाण्यास सामनेवाले यांनी आजपर्यंत हरकत घेतलेली नाही. तथापि दि. २८ मार्च २०२५ रोजी सामनेवाले यांनी सदर वाट ट्रॅक्टरने नांगरल्यामुळे त्यावरून बैलगाडी नेणे अशक्य झाले आहे. त्यामुळे अर्जदार यांच्या शेतातील रब्बी ज्वारीचा कडबा गाडीने आणता आला नाही व मजूर स्त्रिया लावून तो डोक्यावरून वाहून आणावा लागला.”

‘तथापि’ सोडलं तर यात आत्यानं लिहिलं किंवा फोनवर सांगितलं नाही असं काही नाही. ‘खोटं कशाला बोलू’ तेवढं गेलं, आणि तेही सत्यापनात वेगळ्या शब्दांत उभं आहेच.

नमुन्यात याच ठिकाणी एक ठरलेलं वाक्य असतं: ‘सामनेवाले यांनी अर्जदारास शिवीगाळ व दमदाटी करून जीवे मारण्याची धमकी दिली’. इतक्या अर्जांत ते असतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरत असेल. अर्जाला वजन यावं म्हणून ते घालतात. आमच्या प्रकरणात ते घालणं म्हणजे आत्यानं जे नको म्हणून लिहिलंय नेमकं तेच करणं. ती म्हणते, त्याला पोलीस लावू नका. तिची ही इच्छा कायद्याच्या भाषेत बसवणं काही अवघड नव्हतं. मागणीच्या खाली स्वतंत्र ओळ घातली: ‘सामनेवाले हे अर्जदार यांचे पुतणे असून अर्जदार यांचे त्यांच्याशी वैयक्तिक वैर नाही, त्यांच्याविरुद्ध फौजदारी अथवा दंडात्मक कारवाईची अर्जदार यांची मागणी नाही.’ ‘माझ्या हातचं खाल्लेलं पोर’ याला सरकारी मराठीत जागा नाही. ‘पुतणे’ आणि ‘वैर नाही’ यांत त्याचं जेवढं येतं तेवढं आलं.

“त्याला कुणीतरी शिकवलंय” हे एकच वाक्य पूर्ण गाळलं, तेही विचारून. तिला विचारलं, कोणी शिकवलं? तिनं नाव सांगितलं. तू ऐकलंस की कुणी सांगितलं? कुणी सांगितलं. मग मी म्हटलं, हे अर्जात लिहिलं तर साहेब हेच दोन प्रश्न विचारतील. ती म्हणाली, “मग ते तोंडीच असू दे.”

लेकीचं वाक्य मात्र सोडायला ती तयार नव्हती, आणि त्याची अडचण वेगळी होती. ‘माझ्या माघारी लेकीला वाट राहिली पाहिजे’ असं मागायची मामलेदार कोर्ट ही जागाच नव्हे. तिथं अडथळा आणि वहिवाट एवढंच बघतात. कायमच्या हक्काचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण परत नांगरू नको असं तरी सांगतील का?” सांगतात. या कलमात अडथळा काढायला लावण्याबरोबरच पुन्हा हरकत करू नये अशी मनाईही मागता येते. तिच्या वाक्याचा जेवढा भाग या कचेरीत चालण्यासारखा होता तो हाच. मागणी दोन कलमांत आली:

“(अ) गट नंबर अमुकमधून अर्जदार यांच्या शेतात जाणारी पूर्वापार वहिवाटीची गाडीवाट सामनेवाले यांनी केलेला अडथळा दूर करून पूर्ववत मोकळी करून देण्यात यावी. (ब) सामनेवाले यांनी स्वतः अथवा त्यांच्यातर्फे अन्य कोणी सदर वाटेस यापुढे अडथळा करू नये, अशी मनाई करण्यात यावी.”

आणि लेक? तिला परिस्थितीच्या परिच्छेदात शेवटची ओळ मिळाली: अर्जदार वयोवृद्ध असून त्यांच्या पश्चात शेती त्यांची मुलगी पाहणार असल्याने वाट मोकळी असणे निकडीचे आहे. मागणीत ती नाही, पण कागदावर आहे. आत्याला एवढं चाललं.

अर्जाचं वाचन मी गावी जाऊन केलं, फोनवर नाही. एका हातात तिचा मूळ कागद, दुसऱ्या हातात टाइप केलेला. तिचं एक वाक्य वाचायचं, मग ते अर्जात कुठं गेलं ते वाचायचं. ती डोळे मिटून ऐकत होती. ‘सबब’ आला तिथं डोळे उघडले. “हे काय?” म्हटलं, म्हणून, त्यामुळं. “मग म्हणून लिही की.” लिहिलं. ‘वहिवाट’, ‘बांध’, ‘पूर्वापार’, ‘हरकत’ या शब्दांवर ती कुठंच अडली नाही, ते तिचेच शब्द. ‘उपरोक्त’, ‘नमूद’, ‘अनुषंगाने’ ही मंडळी गेली आणि अर्ज दीड पानानं कमी झाला. ‘सामनेवाला’ या शब्दाला मात्र ती थोडी बिचकली. पुतण्याला सामनेवाला म्हणायचं? तिथं इलाज नव्हता.

अर्जाला सातबारे दोन्ही गटांचे, आठ-अ, गट नकाशा, वाटणीच्या कागदाची प्रत आणि चिंचेजवळच्या चाकोऱ्यांचे फोटो जोडले, कोर्ट फी स्टॅम्प लावला. ऑगस्टमध्ये आत्यानं तहसीलदारांसमोर सही केली. पोच घेतली. टेबलावरच्या कारकुनानं ‘१४३ चा आहे का’ म्हणून विचारलं आणि उत्तर येण्याआधीच वरच्या कोपऱ्यात १४३ लिहायला पेन टेकवलं. “नाही साहेब, वाट होती,” आत्या म्हणाली. त्यानं विषयाची ओळ वाचली आणि ५(२) लिहिलं. हे जरूर तपासा. चुकीच्या कलमाखाली नोंद झाली की चौकशी त्याच दिशेनं जाते, आणि दुरुस्तीला वेळ लागतो तो आपल्या सहा महिन्यांतून जातो.

पुतण्यानं नोटीस मिळाल्यावर लेखी म्हणणं दिलं. मुद्दे दोन. पायी जायला आम्ही कधीच अडवलं नाही, आणि गाडीला ओढ्याच्या बाजूनं जाता येतं. पहिला मुद्दा आत्याच्या अर्जात आधीच होता, त्यामुळं त्यातून काही निघालं नाही. दुसऱ्याचं उत्तरही तिच्या कच्च्या कागदात होतं, ‘तिकडनं वाट होत नाही’. मंडळ अधिकारी पाहणीला आले तेव्हा ओढ्याला पाणी होतं आणि काठ गाडी उतरणार नाही इतका खोल. पंचनाम्यात चिंच आली, चाकोऱ्या आल्या, टेपनं मोजलेलं माप आलं. जबाबात आत्याला विचारलं, वाट किती रुंद होती? ती म्हणाली, “गाडी जाईल एवढी. ह्यांनी आठ फूट लिहिलंय ते अंदाजानं हाय.”

आदेश तिच्या बाजूनं झाला: नांगरलेला भाग सपाट करून गाडीवाट पूर्ववत करायची, पुन्हा हरकत करायची नाही. याच्यावर अपील नाही, पण फेरतपासणीसाठी वर जाता येतं, आणि दिवाणी कोर्टाचा रस्ताही पुतण्याला मोकळा आहे. अजून तरी तो गेलेला नाही. मंडळ अधिकाऱ्यांसमोर त्यानंच रोटर फिरवून दिला.

आठ फुटांत ट्रॉली जाते, पण बांधाला घासत, वळणावर हमखास अडकते. चुलतभाऊ म्हणतोय की आता रुंद वाटेसाठी वेगळा अर्ज करायचा, तो मात्र खरोखरच १४३ चा असेल. आत्याला विचारलं तर म्हणाली, यंदा कांदा नाही लावायचा, ज्वारीच आहे, पुढचं पुढं बघू.